वाशीमच्या रस्त्यानं काय येतं आणि काय जातं

"आमच्या वाशीम जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग गेला. आता कारखाने येतील, मागासलेपण संपेल असं सगळे म्हणतात. मला मात्र दिसतं ते उलटंच. गावातली पोरं पुण्याला जास्त जायला लागली आणि लग्नाचा बस्ता बांधायला लोक नागपूर-संभाजीनगर गाठायला लागले. मोठा रस्ता आला की मागास भाग पुढे येतो, की आणखी रिकामा होतो? आणि सरकारी गुंतवणुकीनं हे बदलता येतं का?"

दोन्ही होऊ शकतं, आणि तुम्हाला जे दिसतंय ते खरं आहे. रस्त्यांच्या आणि औद्योगिक क्षेत्रांच्या प्रस्तावांची आर्थिक छाननी करण्यात माझी नोकरीची सगळी वर्षं गेली. प्रत्येक प्रस्तावात "परिसराचा विकास" असा एक परिच्छेद असायचा. तो विकास रस्त्याच्या नेमक्या कोणत्या टोकाला होणार, हे त्यात बहुधा लिहिलेलं नसायचं. तुमचा प्रश्न त्याच जागेवर बोट ठेवतो, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी एक हिशेब करू. आकडे समजुतीसाठी घेतले आहेत. तालुक्याच्या गावात लोखंडी कपाटं करणारा एक कारागीर आहे. त्याला एक कपाट ९,००० रुपयांना पडतं. मुंबईजवळच्या मोठ्या कारखान्यात तेच कपाट ७,८०० रुपयांत होतं, कारण तिथे दिवसाला शेकड्यांनी कपाटं निघतात आणि पत्रा घाऊक भावानं येतो. पण कपाट म्हणजे आत हवा भरलेली पेटी, ट्रकमध्ये जागा फार खातं. जुन्या रस्त्यानं ते वाशीमला आणायला नगामागे १,५०० रुपये लागतात. म्हणजे मुंबईचं कपाट वाशीमच्या दुकानात ९,३०० ला पडतं आणि आपला कारागीर ३०० रुपयांनी स्वस्त राहतो. खराब रस्ता हीच त्याची तटबंदी होती.

आता रस्ता चांगला झाला आणि वाहतूक १,५०० वरून ९०० वर आली. मुंबईचं कपाट ८,७०० ला मिळू लागलं. गिऱ्हाइकाचा फायदा झाला, कारागिराचं दुकान बसलं. त्याच्याकडची चार पोरं पुण्याला गेली. त्यांचा पगार आता पुण्यात खर्च होतो, त्यामुळे पुण्याची बाजारपेठ आणखी मोठी होते आणि पुढचा कारखानदारही पुण्यालाच जागा शोधतो. स्वीडिश अर्थतज्ज्ञ गुन्नार मिर्दाल यांनी १९५७ मध्ये हे चक्र मांडलं. केंद्र वाढताना भोवतालची माणसं, भांडवल आणि व्यापार आपल्याकडे ओढून घेतं, आणि उलट दिशेला थोडं पसरतंही. यांपैकी कोणता ओघ जोरदार आहे, यावर सगळं ठरतं.

पण हिशेब इथे थांबत नाही. समजा, वाहतूक आणखी स्वस्त होऊन ५०० वर आली. दरम्यान मुंबईभोवती जमीन महाग झाली, कामगाराला भाड्याची खोली परवडेना, मालाचा ट्रक कारखान्यातून बाहेर पडायलाच दोन तास लागू लागले. तेवढ्याच मोठ्या यंत्रांचा कारखाना वाशीमला टाकला तर कपाट ७,२०० मध्ये होतं आणि मुंबईला नेऊन विकलं तरी ७,७०० लाच पडतं. आता कारखानदार स्वतः इकडे यायचा विचार करील. यातली खरी मेख अशी की मागास भागाला सर्वांत धोक्याची अवस्था मधली असते. रस्ता अगदी वाईट असतो तेव्हा स्थानिक धंदा टिकतो. वाहतूक फार स्वस्त होते तेव्हा केंद्रातला धंदा बाहेर पडू लागतो. मधल्या टप्प्यावर मात्र केंद्राचा माल इकडे पोचतो आणि इकडून परत जायला काही तयार नसतं. अमेरिकन अर्थतज्ज्ञ पॉल क्रुगमन यांनी १९९१ मध्ये हीच गोष्ट गणितात बसवून दाखवली.

वाशीमपासून समृद्धीचं मुंबईकडचं टोक पाचशे किलोमीटरच्या वर आहे. माझ्या मते वाशीम आज त्या मधल्या टप्प्यात आहे.

हे नुसतं कागदावरचं नाही. चीननं १९९२ पासून प्रांतांच्या राजधान्या आणि मोठी शहरं जोडणारं सुमारे ३५,००० किलोमीटर महामार्गांचं जाळं उभारलं. बेंजामिन फाबर या अर्थतज्ज्ञानं त्यातल्या अशा तालुक्यांसारख्या प्रदेशांचा अभ्यास केला, ज्यांना कोणी मुद्दाम जोडलेलं नव्हतं. दोन मोठी शहरं जोडताना रस्ता त्यांच्यातून गेला एवढंच. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेला त्याचा निष्कर्ष असा की जोडलेल्या या प्रदेशांची वाढ न जोडलेल्या शेजाऱ्यांपेक्षा मंदावली, आणि ती मुख्यतः कारखानदारीची वाढ घटल्यामुळे. जपानमध्ये याला रोजच्या भाषेत "स्ट्रॉ परिणाम" म्हणतात. मोठं शहर नळीनं शोषून घेतं तसं. १९९८ मध्ये आकाशी पूल झाला आणि शिकोकू बेटावरचं तोकुशिमा शहर बसनं कोबे-ओसाकाच्या टप्प्यात आलं. लोक खरेदीला तिकडे जाऊ लागले. तोकुशिमातलं मोठं डिपार्टमेंट स्टोअर २०२० मध्ये बंद झालं. तुमचा लग्नाचा बस्ता नागपूरला गेला, तो याच वाटेनं.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. आपल्याकडे सुवर्ण चतुष्कोन झाला, दिल्ली, मुंबई, चेन्नई, कोलकाता जोडणारा, ५,८४६ किलोमीटरचा. त्याच्या दहा किलोमीटरच्या पट्ट्यात कारखानदारी ठळकपणे वाढली असं अभ्यासकांना आढळलं. मात्र सगळ्यात जास्त फायदा झाला तो मध्यम दाट वस्तीच्या जिल्ह्यांचा. म्हणजे ज्या जिल्ह्यांत आधीच थोडे कारखाने होते, थोडे कुशल कामगार होते, दुरुस्तीची दुकानं होती, त्यांना रस्त्यानं पंख दिले. ज्यांच्याकडे हे काहीच नव्हतं, त्यांच्या अंगावरून ट्रक निघून गेले.

म्हणून समृद्धीबद्दल बोलताना मी जालना आणि वाशीम वेगळे काढतो. जालन्याकडे पोलादाच्या सळ्यांचे कारखाने आहेत, बियाण्यांचा धंदा आहे, पिढ्यान्‌पिढ्यांचा व्यापारी आहे. त्याचा माल बाहेर जायला थांबलेलाच होता. वाशीमकडे सोयाबीन आहे, तूर आहे, हरभरा आहे, आणि ते बहुतेक कच्च्या रूपात पोत्यात भरून जातं. एकच रस्ता या दोन जिल्ह्यांना दोन वेगळी फळं देणार.

रस्त्याच्या बांधणीचाही यात मोठा हात आहे. जुन्या हमरस्त्याला कुठूनही चढता येतं. त्याच्या कडेला धाबा, टायरवाला, खताचं दुकान, मोंढा आपोआप उभा राहतो. समृद्धी तसा नाही. ७०१ किलोमीटरचा हा रस्ता दोन्ही बाजूंनी बंद आहे आणि चढ-उतार फक्त इंटरचेंजवर, सरासरी पंचवीस-तीस किलोमीटरला एक. तुमच्या जिल्ह्यात कारंजा आणि शेलूबाजार अशा मोजक्या ठिकाणी. मधल्या गावाच्या शेताला खेटून रस्ता जातो, पण त्या गावाला तो रेल्वेच्या रुळाइतकाच उपयोगी. स्टेशन नसेल तर नुसता आवाज. शिवाय जुन्या रस्त्यावरची लांब पल्ल्याची वाहनं इकडे वळली की जुन्या गावांचा धंदाही उठतो. असं झालं का, हे मेहकरच्या जुन्या रस्त्यावरच्या धाबेवाल्याला विचारा. तो आकडेवारीपेक्षा आधी सांगेल.

कारंज्याचं नाव आलं म्हणून जरा मागे जातो, कारण हा प्रयोग या गावावर एकदा होऊन गेला आहे. १८७० मध्ये जलंब ते खामगाव अशी छोटी रेल्वे झाली. ती कशासाठी, तर वऱ्हाडातला कापूस मुंबई बंदराकडे नेण्यासाठी. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मूर्तिजापूरहून एकीकडे अचलपूर आणि दुसरीकडे कारंजामार्गे यवतमाळ अशी अरुंद रुळांची शकुंतला रेल्वे आली, तीही कापसाचीच. त्या काळी रेल्वेचे भाडेदर बंदराकडे जाणाऱ्या मालाला सोयीचे असत, देशातल्या देशात फिरणाऱ्या मालाला महाग. वऱ्हाडात जिनिंग-प्रेसिंग उभं राहिलं, कारण सरकी काढून गाठी बांधल्या की रेल्वेत जास्त कापूस मावतो. काही गिरण्याही निघाल्या. पण कापड गिरण्यांचं शहर झालं ते मुंबई. कापूस इथला, सूतकताई तिथली, आणि कापड पुन्हा इकडे विकायला. वाहतुकीची उत्तम सोय दीडशे वर्षांपूर्वीच मिळाली होती, म्हणूनच मी "रस्ता आला, आता सगळं होईल" हे ऐकलं की थबकतो.

स्वातंत्र्यानंतर एक धोरण आलं, त्याचा उल्लेख आपल्याकडे फार कमी होतो. १९५० च्या दशकापासून पोलादासारख्या मालाचा वाहतूक खर्च देशभर सारखा करण्यात आला. जमशेदपूरला पोलाद घ्या की मुंबईला, भाव तोच. खाणींजवळ कारखाना टाकण्याचा फायदा त्यानं पुसून टाकला आणि बिहार-ओडिशाचं फार नुकसान झालं. मुंबई-पुण्याच्या अभियांत्रिकी उद्योगाला मात्र बळ मिळालं. कापसाला अशी सवलत नव्हती. म्हणजे खाणीच्या प्रदेशाचा जवळपणाचा फायदा काढून घेतला, पण वऱ्हाडातला कापूस लांबच्या कारखान्याला त्याच भावात मिळेल असं कोणी केलं नाही. हे धोरण १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत चाललं. चाळीस वर्षांत कारखाने जिथे रुजले तिथेच त्यांचे पुरवठादार, कामगार, बँका रुजल्या.

विजेचंही तसंच. चंद्रपूरला कोळसा आहे, तिथे औष्णिक वीज केंद्र झालं. राख, उष्णता आणि पाण्याचा ताण तिथेच राहिला. वीज मात्र १९९९ च्या सुमारास सुरू झालेल्या ७५२ किलोमीटरच्या उच्च दाबाच्या वाहिनीनं थेट पडघ्याला जाऊ लागली. पडघे भिवंडी तालुक्यात आहे. समृद्धी महामार्ग संपतो ते आमणेही भिवंडी तालुक्यातच. जून २०२५ मध्ये इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला तेव्हा मला ही दोन गावं नकाशावर शेजारी शेजारी दिसली आणि बराच वेळ मी तो नकाशा बाजूला ठेवू शकलो नाही.

आता गुंतवणुकीकडे वळू. महाराष्ट्रानं असमतोल मोजायचा प्रामाणिक प्रयत्न केला आहे. वि. म. दांडेकर यांच्या समितीनं १९८४ मध्ये अहवाल दिला. रस्ते, सिंचन, गावांचं विद्युतीकरण, शाळा, आरोग्य अशा नऊ क्षेत्रांत राज्याची सरासरी काढायची, जिल्हा सरासरीच्या खाली जितका असेल ती तूट म्हणजे अनुशेष, आणि तो भरायला लागणारा पैसा मोजायचा. एकूण अनुशेष सुमारे ३,१८६ कोटी रुपये निघाला. पुढे १९९४ मध्ये विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्रासाठी वैधानिक विकास मंडळं आली, राज्यपालांचे निर्देश आले, २०१३ मध्ये केळकर समितीचा अहवाल आला. मंडळांची मुदत एप्रिल २०२० मध्ये संपली.

दांडेकरांच्या पद्धतीबद्दल मला आदर आहे, कारण तिनं ओरड थांबवून आकडा टेबलावर ठेवला. पण तिच्यातून एक गोष्ट सुटते. तिनं मोजलं ते सरकारनं बांधलेलं: किलोमीटर, हेक्टर, खाटा, वर्गखोल्या. खासगी भांडवल कुठे गेलं, नोकऱ्या कुठे तयार झाल्या, हे त्या सूत्रात नाही. रस्त्यांचा अनुशेष शून्यावर आला तरी उत्पन्नातली दरी वाढलेली असू शकते. वर केलेल्या कपाटांच्या हिशेबातून ते का, हे दिसतं.

खासगी भांडवल वळवायला राज्यानं १९६४ पासून प्रोत्साहन योजना राबवली. तालुक्यांना अ, ब, क, ड, ड अधिक अशा श्रेणी, जितका मागास तितकी सवलत जास्त. कल्पना बरोबर. छाननीला बसलो की दोन गोष्टी पुन्हा पुन्हा दिसत. एक, सवलत गुंतवलेल्या भांडवलावर मिळत असल्यानं यंत्रं जास्त आणि माणसं कमी अशा प्रकल्पांना ती सोयीची पडे. दुसरी, उद्योजक सवलतीच्या यादीतला असा तालुका निवडे जो केंद्राला सर्वांत जवळ आहे. कागदावर तो मागास, पण मालकाला संध्याकाळी पुण्याला घरी जाता येतं. वाशीमपर्यंत सवलत पोचेस्तोवर गुंतवणूकदार वाटेतच उतरलेला असे.

इटलीचं उदाहरण मी नवीन अधिकाऱ्यांना आवर्जून सांगायचो. दक्षिण इटलीसाठी १९५० मध्ये खास निधी सुरू झाला. आधी पाणी, रस्ते, जमीन सुधारणा. मग मोठे कारखाने. तारान्तोला १९६० च्या दशकात प्रचंड पोलाद कारखाना उभा राहिला. दक्षिणेचं उत्पन्न उत्तरेच्या जवळ सरकलंही, १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत. मग ते थांबलं आणि आजही दरी मोठी आहे. अशा कारखान्यांना तिथे "वाळवंटातली कॅथेड्रल" म्हणू लागले. कारखाना मोठा, पण त्याला लागणारा सुटा भाग उत्तरेतून येई आणि त्याचा माल पुढच्या प्रक्रियेला उत्तरेतच जाई. भोवती काही उगवलं नाही.

मग वाशीमनं काय मागावं? मी सोयाबीन धरून सांगतो, कारण तिथे बदल पैशांत मोजता येतो.

शेतकरी बाजार समितीत सोयाबीन विकतो. व्यापारी तो माल तेल काढणाऱ्या सॉल्व्हंट प्लँटला पाठवतो. प्लँटचा भाव आणि मोंढ्यातला भाव यांत फरक असतो. त्यात ट्रकचं भाडं, हमाली, तोलाई, ओलावा आणि मातेऱ्याची घट, आणि व्यापाऱ्याचा नफा येतो. नव्या रस्त्यानं भाडं क्विंटलला समजा ४० रुपयांनी घटलं. हे ४० रुपये कोणाचे? मोंढ्यात लिलावाला चार-पाच खरे खरेदीदार असतील तर ते एकमेकांवर भाव चढवतात आणि बरेचसे पैसे शेतकऱ्याकडे येतात. एक-दोघंच असतील तर ते त्यांच्याकडेच राहतात. रस्ता तोच, फळ वेगळं. म्हणून बाहेरचे खरेदीदार लिलावात येणं, कारंजा किंवा शेलूबाजार इंटरचेंजजवळ नोंदणीकृत गोदाम असणं, गोदामाच्या पावतीवर बँकेनं कर्ज देणं, आणि शेतकऱ्याला दिवाळीच्या घाईत विकावं न लागणं, हेही रस्त्याचाच भाग आहे. त्याचा खर्च महामार्गाच्या काही किलोमीटरइतकाही नसतो.

त्यानंतर प्रक्रिया. डाळ मिल, सोयाबीनची प्रतवारी आणि स्वच्छता, पशुखाद्य, बियाणं प्रक्रिया. कोंडा, चुरा, मातेरं इथेच राहिलं की ट्रक निव्वळ किमती माल वाहतो. कच्चा माल जड आणि प्रक्रियेत वजन घटत असेल, तर कारखाना शेताजवळ ठेवणं परवडतं. हा नियम मागास भागाच्या बाजूचा आहे, तो वापरायला हवा. याला लागते ती दिवसा न खंडणारी थ्री फेज वीज, मोटार जळली तर त्याच दिवशी बांधून देणारा माणूस आणि आयटीआयमधून तयार झालेला फिटर. मी पाहिलेल्या बऱ्याच बंद युनिट्स रस्त्याअभावी बंद पडलेल्या नव्हत्या. सुट्या भागासाठी चार दिवस थांबून थांबून मोडलेल्या होत्या.

आणि गावापासून इंटरचेंजपर्यंतचा रस्ता. इथे अपेक्षा नेमकी ठेवा. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत ठरावीक लोकसंख्येच्या जरा वरच्या गावांना रस्ता आधी मिळाला, जरा खालच्यांना नाही. सॅम ॲशर आणि पॉल नोवोसाद या अर्थतज्ज्ञांनी अशा गावांची तुलना केली. रस्ता झाल्यावर लोक शेतीतून बाहेरच्या मजुरीकडे वळले, हा मुख्य परिणाम. शेतीत, उत्पन्नात किंवा मालमत्तेत मोठा बदल चार वर्षांत दिसला नाही. म्हणून पुण्याला गेलेल्या पोरांना मी दोष देत नाही. ती घरी पैसे पाठवतात आणि हात शिकून घेतात. प्रश्न इतकाच की पाच वर्षांनी त्यातला एखादा परत येऊन वर्कशॉप काढू पाहील, तेव्हा इंटरचेंजजवळ त्याला गाळा परवडेल का. महामार्ग जाहीर झाला की चढ-उताराच्या जागांभोवतीची जमीन बाहेरचे लोक आधी घेऊन ठेवतात आणि वर्षानुवर्षं रिकामी ठेवतात. समृद्धीच्या इंटरचेंजजवळ आखलेल्या नवनगरांमध्ये स्थानिकांसाठी लहान गाळे भाड्यानं राखून ठेवा, ही मागणी ग्रामसभेनं आत्ताच लेखी करावी. भाव चढल्यावर ती कोणी ऐकत नाही.

ओघ कोणत्या दिशेचा आहे हे तुम्हाला घरबसल्या तपासायचं असेल तर अहवालांची वाट पाहू नका. मोंढ्यात लिलावाला उभे राहणारे खरेदीदार दर हंगामात मोजा. त्याच दिवशीचा प्लँटचा भाव आणि मोंढ्याचा भाव वहीत लिहा. फरक कमी होतोय का पाहा. आणि जूनमध्ये, सोयाबीन संपलेलं असताना, मुंबईहून किराणा घेऊन आलेल्या ट्रकवाल्याला विचारा की परतीचं भाडं मिळालं का. हंगामात तर सगळ्यांनाच मिळतं. तो जूनमध्येही "डाळ भरून चाललोय" किंवा "पेंड भरून चाललोय" म्हणाला, तर तुमच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंनी माल चालू लागला आहे. रिकामा चाललोय म्हणाला, तर सध्या तुमच्याकडून पोरंच जाताहेत.